बारा वर्षे न केलेला अर्ज: दादरच्या एका फ्लॅटचे मृत्युपत्र

दादरमधला सहकारी गृहनिर्माण संस्थेतला दोन खोल्यांचा फ्लॅट. मालक २०११ मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक अविवाहित मुलगी. २००८ साली त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पानी मराठी मृत्युपत्र लिहिले होते. फ्लॅट मुलीला, पत्नीला हयातभर तिथे राहण्याचा हक्क, बँकेतले पैसे पत्नीला आणि शेवटी एक वाक्य, “याखेरीज माझे जे काही असेल ते माझ्या मुलीला मिळावे.” साक्षीदार दोन, घरचे डॉक्टर आणि शेजारी. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून कचेरीतल्या एका मित्राचे नाव. सोसायटीच्या दफ्तरात नॉमिनी मात्र थोरला मुलगा, कारण तो अर्ज मृत्युपत्राच्या बऱ्याच आधी भरलेला होता. ओळख पटू नये म्हणून आम्ही काही तपशील बदलले आहेत, पण मुंबईत वारसाहक्काची कामे करणाऱ्या कुणालाही ही फाइल ओळखीची वाटेल.

मृत्युपत्र सर्वांना माहीत होते. आई हयात होती, मुलगी तिच्यासोबत राहत होती, मेंटेनन्स भरला जात होता, म्हणून अर्ज कुणीच केला नाही. २०१६ मध्ये एक्झिक्युटर वारले, २०१८ मध्ये आई गेली, २०२० मध्ये धाकटा मुलगा गेला. त्याच्यामागे पत्नी आणि दोन मुले, त्यातले एक अज्ञान. २०२२ मध्ये इमारत पुनर्विकासाला निघाली आणि बिल्डरने करारावर सभासदाची सही मागितली. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नाव होते थोरल्याचे. मुलीने मृत्युपत्र पुढे केले. सोसायटीने लेखी उत्तर दिले की थोरल्या भावाची हरकत आहे, प्रोबेट आणा, म्हणजे मृत्युपत्र शाबीत झाल्याचा न्यायालयाचा शिक्क्याचा कागद आणा.

तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सोसायटीचे म्हणणे बरोबर होते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ नुसार प्रोबेट झाल्याशिवाय एक्झिक्युटरला किंवा मृत्युपत्रातल्या लाभार्थ्याला त्या मृत्युपत्रावरचा हक्क कुठल्याही न्यायालयात शाबीत करता येत नसे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना हे बंधन सगळीकडे लागू नव्हते. कलम ५७ त्यासाठी १ सप्टेंबर १८७० या तारखेकडे आणि तीन ठिकाणांकडे बोट दाखवते. एक जुना बंगाल प्रांत आणि दुसरे दोन म्हणजे मद्रास व मुंबई उच्च न्यायालयांची मूळ दिवाणी हद्द. मुंबईची ही हद्द फक्त शहर बेटापुरती असल्याचा समज आहे, पण १९४५ च्या कायद्याने ती बृहन्मुंबईभर पसरली. दहिसर आणि मुलुंडही तिच्यात येतात. ठाणे, पुणे, नाशिक येत नाहीत.

म्हणून पुण्यात केलेल्या, पुण्यातल्याच घराविषयीच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. तेच मृत्युपत्र दादरच्या फ्लॅटविषयी असेल तर त्या फ्लॅटपुरती होती. आणि मृत्युपत्र मुंबईच्या हद्दीत बसून केलेले असेल तर मालमत्ता रत्नागिरीत असली तरी होती, कारण कलमाचा पहिला भाग मृत्युपत्र कुठे केले तेवढेच पाहतो. पारशांच्या मृत्युपत्रांनाही या हद्दीत सक्ती होती. ख्रिश्चनांना २००२ च्या दुरुस्तीने सूट मिळाली, मुस्लिमांना हे कलम लागूच नव्हते. गोव्याची रीत पूर्ण वेगळी आहे. तिथे मृत्युपत्र नोटरीपुढे होते आणि वाटणी इन्व्हेंटरीच्या कार्यवाहीत होते. प्रोबेटचा मार्ग तिथला नव्हे.

कलम २१३ आता कायद्यात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने ते वगळले. त्याचा अर्थ काय आणि काय नाही, हे ही फाइल पूर्ण पाहिल्याशिवाय नीट समजत नाही, म्हणून आधी फाइल.

अर्ज कुणी करायचा, हा पहिला प्रश्न. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला मिळते. इथे एक्झिक्युटर मृत्युपत्र शाबीत न करताच वारले होते. अशा वेळी “लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, मृत्युपत्र जोडून” असा, म्हणजे मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याच्या अधिकारपत्रासाठी, अर्ज करावा लागतो आणि त्यावर पहिला हक्क उरलेली सर्व मालमत्ता ज्याच्या नावे केली आहे त्या लाभार्थ्याचा असतो. वडिलांनी सहज लिहिलेले “याखेरीज जे काही असेल ते” हे शेवटचे वाक्य इथे कामी आले. ते नसते तरी मुलीला अर्ज करता आला असता, पण मृत्युपत्र नसते तर ज्यांना वारस म्हणून कारभार मिळाला असता, ते त्याच पायरीवर तिच्या शेजारी उभे राहिले असते. आणि थोरला भाऊ त्यांतलाच होता. शाबीत करण्याची पद्धत दोन्ही अर्जांत एकच. फरक एवढाच की लेटर्स मिळण्यापूर्वी कारभार नीट करण्याची हमी देणारा ॲडमिनिस्ट्रेशन बाँड द्यावा लागतो, आणि जामीनदाराचा विषय निघाला की काम रेंगाळते.

अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, मृत्युपत्रांची कामे पाहणाऱ्या टेस्टामेंटरी विभागात दाखल होतो. त्यासोबत मूळ मृत्युपत्र प्रोथोनोटरी या न्यायालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जमा करावे लागते. मूळ कागद पुन्हा हातात येणार नाही असे धरूनच चालावे आणि आधी दोन्ही बाजूंच्या स्वच्छ प्रती काढून घ्याव्यात. मृत्युपत्र मराठीत असल्याने न्यायालयाच्या दुभाष्याकडून इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागले. घरी केलेले भाषांतर चालत नाही. खाडाखोड, मागाहून घातलेले शब्द, वेगळ्या शाईतली ओळ, यांतले प्रत्येक विभागाच्या नजरेस येते. दुरुस्तीशेजारी मृत्युपत्र करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही नसेल तर ती दुरुस्ती सहसा धरली जात नाही. या मृत्युपत्रात दुसऱ्या पानावर एक शब्द खोडलेला होता. तो खोडूनही वाचता येत होता आणि अर्थ बदलत नव्हता, म्हणून तो प्रतिज्ञापत्रातल्या खुलाशावर भागला. बँकेच्या नावावर किंवा हिश्शाच्या आकड्यावर अशी रेघ असती तर एवढ्यावर भागले नसते.

अर्जात मृत्यूची तारीख, मृत्युपत्र कायदेशीर रीतीने झाल्याचे कथन आणि वारसांची यादी येते. ही यादी मृत्युपत्रातल्या लाभार्थ्यांची नाही. मृत्युपत्र नसते तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे ज्यांना हिस्सा मिळाला असता, ते सगळे त्यात येतात. ज्याला मृत्युपत्रात काहीच दिलेले नाही त्याचे नाव तर सर्वांत आधी हवे, कारण हरकत घेण्याचे कारण त्याच्याकडेच असते. एखाद्या बहिणीचे नाव “ती परदेशात असते, तिला रस नाही” म्हणून गाळलेले आम्ही पाहिले आहे. असे मिळवलेले प्रोबेट वर्षांनंतरही १९२५ च्या अधिनियमाच्या कलम २६३ खाली रद्द होऊ शकते. मालमत्तेची तीन परिशिष्टे जोडावी लागतात. पहिल्यात मालमत्ता आणि तिची किंमत, दुसऱ्यात देणी व अंत्यविधीचा खर्च, तिसऱ्यात मृताकडे दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून असलेली मालमत्ता. तिसरे बहुधा कोरे असते, तरी जोडायचे. कोर्ट फी किमतीच्या टक्केवारीने लागते, पण तिला राज्याच्या कायद्याने कमाल मर्यादा आहे. कित्येक वर्षे ती ७५,००० रुपये होती. मुंबईतला कुठलाही फ्लॅट धरला तर फी कमाल मर्यादेलाच भिडते, म्हणून किंमत कमी दाखवून काही साधत नाही, उलट आक्षेप ओढवतो.

या फाइलमध्ये खरा जीव होता तो साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रात. मृत्युपत्राला कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही माझीच आहे अशी कबुली त्याच्या तोंडून ऐकलेली असावी, आणि प्रत्येकाने त्याच्यासमोर सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. न्यायालयात त्यांपैकी एक तपासला तरी पुरतो. डॉक्टर वारले होते. शेजारी ऐंशी ओलांडलेले, घर विकून नागपूरला लेकाकडे गेलेले, पण स्मरण पक्के.

इथे होणारी चूक नेहमी एकच असते. उपलब्ध साक्षीदार प्रतिज्ञापत्रात लिहितो, “त्यांनी माझ्यासमोर सही केली आणि मी साक्षीदार म्हणून सही केली.” दुसऱ्या साक्षीदाराविषयी अवाक्षर नाही. एकाच साक्षीदाराला पुढे आणायचे असेल तर त्याने दुसऱ्याचे साक्षांकनही शाबीत करायला हवे, नाहीतर मृत्युपत्र अर्धेच शाबीत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या जानकी नारायण भोईर प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. शेजाऱ्यांना आम्ही उत्तर सुचवले नाही, प्रश्न विचारले. कुठल्या खोलीत? कोण कुठे बसले होते? आधी कुणी सही केली? त्यांनी सांगितले की डॉक्टर आधीच आले होते, मालकांनी दोघांच्या देखत दोन्ही पानांवर सही केली, मग डॉक्टरांनी, मग त्यांनी. हे वाक्य प्रतिज्ञापत्रात आले आणि मृत्युपत्राचा कणा उभा राहिला.

तेही वारले असते तर? तेव्हा मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि निदान एका साक्षीदाराचे हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागतो. पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये असलेली ही वाट आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६८ मध्ये आहे. वाट आहे, पण अरुंद. मृत्युपत्र नोंदणीकृत असेल तर थोडे बळ मिळते. तरी नोंदणीमुळे साक्षीदाराची गरज संपत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पुढे उशिराचा मुद्दा. मृत्यूनंतर तीन वर्षे उलटून अर्ज करणाऱ्याने उशिराचे कारण अर्जात द्यावे, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या नियमांतला ३८२ वा नियम आहे. तीन वर्षे झाली म्हणजे दार बंद, असा याचा अर्थ अनेक जण लावतात आणि अर्जच करत नाहीत. तो चुकीचा आहे. मुदत कायद्याचा तीन वर्षांची मुदत घालणारा अनुच्छेद १३७ प्रोबेटच्या अर्जालाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या कुंवरजीत सिंग खंदपूर प्रकरणात म्हटले. पण तिथेच असेही म्हटले की अर्ज करण्याचा हक्क मृत्यूच्या दिवशीच सुरू होऊन संपत नाही. अर्ज करणे आवश्यक होते तेव्हा तो हक्क उभा राहतो, आणि मृत व्यक्तीने सोपवलेले काम जोवर बाकी आहे तोवर तो टिकतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले होते की उशिराने संशय वाढतो, पण संशय दूर केला की अडसर उरत नाही. आमच्या अर्जात लिहिले ते एवढेच की २०१८ पर्यंत आई मृत्युपत्राप्रमाणे राहत होती, कुणी हक्क नाकारला नव्हता, तो पहिल्यांदा नाकारला गेला २०२२ च्या पत्राने. त्या पत्राची प्रत जोडली. उशिराचे कारण तारखा आणि कागद यांनीच सांगायचे असते. “कौटुंबिक कारणांमुळे” हा शब्दप्रयोग लिहिला की समोरच्या वकिलाला उलटतपासणीचा पहिला प्रश्न आयता मिळतो.

मग वारसांच्या संमती. जे सहमत आहेत त्यांनी नोटरीपुढे संमतीचे प्रतिज्ञापत्र दिले की त्यांना नोटीस काढावी लागत नाही. २०११ मध्येच अर्ज झाला असता तर आई आणि दोन मुलगे एवढ्यांचा प्रश्न होता, आणि आई हयात असताना थोरल्याने सही दिली असती असे घरातले सगळे सांगतात. २०२३ मध्ये धाकट्याच्या जागी तिघे आले होते. त्याच्या पत्नीने आणि सज्ञान मुलीने संमती दिली. अज्ञान मुलाच्या वतीने आईची सही घेऊन मोकळे होता येत नाही, कारण त्या संमतीने त्याचा संभाव्य वाटा जातो. त्याच्या नावे सायटेशन, म्हणजे न्यायालयाचे बोलावणे, काढून ते पालकामार्फत बजावावे लागले. वारस परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीपुढे किंवा तिथल्या नोटरीपुढे केलेले आणि अपोस्टिल झालेले प्रतिज्ञापत्र लागते. व्हॉट्सॲपवर आलेला सहीचा फोटो कुठेच चालत नाही.

थोरल्यालाही सायटेशन गेले. “तुम्हाला या अर्जाविरुद्ध काही म्हणायचे असेल तर पुढे या” असा त्याचा आशय. बजावल्यापासून १४ दिवसांत कॅव्हिएट, म्हणजे हरकतीची लेखी नोंद, दाखल करायचे आणि कॅव्हिएटनंतर ८ दिवसांत त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्याने दोन्ही वेळेत केले. कॅव्हिएट लागले की अर्जाचे रूपांतर टेस्टामेंटरी सूटमध्ये, म्हणजे मृत्युपत्राविषयीच्या दाव्यात, होते. अर्ज करणारी वादी, कॅव्हिएट घालणारा प्रतिवादी. मुद्दे ठरतात, साक्षी होतात, उलटतपासणी होते. बिनविरोध अर्ज आणि हा दावा यांच्या वेळेत आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्याच्या प्रतिज्ञापत्रात तीन गोष्टी होत्या. वडील २००८ मध्ये आजारी होते, बहिणीने दबाव आणला, आणि नॉमिनी मी आहे. पहिल्या दोन गोष्टी मृत्युपत्राच्या वैधतेविषयी आहेत, त्यांना उत्तर देणे भाग होते. डॉक्टर स्वतः साक्षीदार असल्यामुळे आणि मृत्युपत्र वडिलांच्याच अक्षरात असल्यामुळे ते जड गेले नाही. तिसरी गोष्ट इथे गैरलागू होती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरताच तो असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५४बी-१३ तर स्पष्टच म्हणते की वारस किंवा मृत्युपत्राने हक्कदार झालेली व्यक्ती सभासद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचे. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सांगितले आहे.

एक गोष्ट दोन्ही भावंडांना समजावून सांगावी लागली. प्रोबेटचे न्यायालय फ्लॅट कुणाचा हे ठरवत नाही. हे मृत्युपत्र खरे आहे का, कायदेशीर रीतीने झाले का, करणारा शुद्धीवर होता का आणि ते शेवटचे आहे का, एवढेच ते पाहते. फ्लॅट मुळात वडिलांचा नसता, तर प्रोबेट मिळूनही मुलीला काही मिळाले नसते.

शेजाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र वाचल्यावर थोरल्याच्या वकिलांनी तडजोडीचा विषय काढला. बहिणीने त्याला ठरावीक रक्कम देण्याचा वेगळा करार केला आणि त्याने कॅव्हिएट मागे घेतले. तडजोड झाली म्हणून न्यायालय आपोआप लेटर्स देत नाही, हे लक्षात ठेवावे. पक्षकारांच्या संमतीने मृत्युपत्र खरे ठरत नाही. ते पुराव्यानेच शाबीत व्हावे लागते. फक्त कॅव्हिएट गेल्यामुळे प्रकरण पुन्हा बिनविरोध झाले आणि साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रावर निर्णय होऊ शकला. बाँड दिला, फी भरली आणि मृत्युपत्राची प्रत जोडलेले, न्यायालयाच्या शिक्क्याचे लेटर्स हाती आले. त्यानंतरही दोन कामे उरतात आणि ती बहुतेक जण विसरतात. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. सोसायटीने प्रमाणित प्रत घेऊन शेअर सर्टिफिकेटवर मुलीचे नाव चढवले आणि पुनर्विकासाच्या करारावर तिची सही झाली.

आता मूळ प्रश्न. कुणीच अर्ज केला नसता तर काय झाले असते?

मालमत्ता सरकारजमा होते, ही भीती निराधार आहे. सरकारकडे ती हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे जाते, पण कुठलाच वारस नसेल तेव्हा. अर्ज न केल्याने मृत्युपत्र रद्दही होत नाही. कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता मृत्यूच्या क्षणीच एक्झिक्युटरकडे जाते. प्रोबेट हा त्या हक्काचा पुरावा आहे, उगम नव्हे. प्रत्यक्षात मात्र मृत्युपत्र कुणी पुढे केले नाही तर सोसायटी, बँक, तलाठी सगळे जण मृत्युपत्र नाहीच असे धरून चालतात. या घराचा हिशेब करून पाहा. २०११ मध्ये चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश. २०१८ मध्ये आईचा चतुर्थांश तिघा मुलांत वाटला गेला, म्हणजे आता प्रत्येकाचा एकूण एक तृतीयांश. २०२० नंतर धाकट्याचा तृतीयांश त्याची पत्नी आणि दोन मुले यांच्यात समान, म्हणजे प्रत्येकी एक नवमांश. ज्या मुलीला वडिलांनी अख्खा फ्लॅट दिला, तिच्या वाट्याला एक तृतीयांश येतो. शिवाय एका नवमांशाचा मालक अज्ञान असल्यामुळे तो सज्ञान होईपर्यंत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विक्री अडते.

याच वडिलांचे एका कंपनीत थोडे कागदी शेअर्स होते. लाभांशाचे चेक मृताच्या नावे येत राहिले, वटले नाहीत. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही की शेअर्ससुद्धा केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते बुडत नाहीत, पण परत मिळवताना आधी कंपनीकडे आणि मग निधीकडे दावा करावा लागतो, आणि नॉमिनी नसेल व रक्कम मोठी असेल तर तिथेही प्रोबेट, लेटर्स किंवा वारस प्रमाणपत्रासारखा न्यायालयाचा कागद मागितला जातो. बँकेतली ठेव दहा वर्षे पडून राहिली की रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे जाते. ती आपल्या बँकेमार्फतच परत मागता येते. गावच्या जमिनीत फेरफार होऊन सातबाऱ्यावर सर्व वारसांची नावे लागतात. फेरफार हा महसुली नोंदीचा भाग आहे, त्याने मालकी ठरत नाही. तरी एकदा नावे लागली की ती काढायला भांडावे लागते.

एक्झिक्युटर हयात असून गप्प बसला असेल तर लाभार्थ्याने हात बांधून बसायचे कारण नाही. काम स्वीकार किंवा सोड, असे सायटेशन त्याच्यावर काढता येते. त्याने सोडले की लाभार्थी स्वतः लेटर्स मागू शकतो. मृत्युपत्रच कुणी दाबून ठेवले असेल तर ते हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडून १९२५ च्या अधिनियमाच्या कलम २६७ खाली मिळवता येतो. या दोन्ही वाटा फार कमी वापरल्या जातात, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

आता डिसेंबर २०२५ नंतरची स्थिती. कलम २१३ गेल्यामुळे मुंबईतल्या मृत्युपत्राचा लाभार्थी प्रोबेटशिवायही दाव्यात उभा राहू शकतो, जसा पुण्यातला आधीपासून राहत होता. “प्रोबेट नाही म्हणून अर्ज घेत नाही” असे सोसायटीने नुसत्या सक्तीच्या आधाराने म्हणण्याला आता पाया उरलेला नाही. सगळे वारस सहमत असतील तर त्यांची संमतीपत्रे, मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला यांवर काम व्हायला हवे. प्रोबेट देण्याची न्यायालयाची सत्ता मात्र तशीच आहे, चालू अर्जही त्यामुळे निकामी होत नाहीत. आणि मृत्युपत्र शाबीत करण्याचा नियम तसूभरही बदललेला नाही. दोन साक्षीदार, त्यांतल्या एकाची साक्ष, संशयाचे निरसन, सगळे आहे तसेच.

फरक निकालाच्या पोहोचीत आहे. साध्या दाव्यात मृत्युपत्र खरे ठरले तर ते त्या दाव्यातल्या पक्षकारांपुरते. प्रोबेटने ठरले तर ते साऱ्या जगाविरुद्ध, आणि प्रोबेट पाहून पैसे देणाऱ्या बँकेला व देणेकऱ्याला संरक्षणही मिळते. म्हणून फ्लॅट विकत घेणाऱ्याचा वकील किंवा गृहकर्ज देणारी बँक अजूनही प्रोबेट मागेल, आणि ते गैर नाही. एखाद्या वारसाला वगळले असेल, मृत्युपत्र हस्तलिखित किंवा नोंदणी न केलेले असेल, किंवा एखादा वारस नाराज असेल, तर सक्ती नसतानाही आम्ही अर्ज करायलाच सांगू. सगळे एकमताचे आणि मृत्युपत्र पत्नीच्या नावे सरळसोट असेल तर खर्च करू नका असेही सांगू.

कपाटात जुने मृत्युपत्र असेल तर आज करण्याजोगे काम साक्षीदारांचे आहे. दोघांचे आजचे पत्ते आणि त्यांच्या मुलांचे फोन लिहून ठेवा. एक साक्षीदार गेला असेल तर दुसऱ्याचे प्रतिज्ञापत्र अर्जासह लगेच दाखल होईल असे पाहा, कारण नोटरीपुढे करून घरी ठेवलेले प्रतिज्ञापत्र ही साक्ष नव्हे. आणि दोघांच्याही त्याच काळातल्या निर्विवाद सह्या असलेले कागद जमवा. बँकेचा जुना चेक, सोसायटीच्या सभेचा वृत्तान्त, डॉक्टर असतील तर त्यांनी लिहिलेले प्रिस्क्रिप्शन. दोन्ही साक्षीदार गेल्यानंतर हस्ताक्षर पडताळायला हेच कागद लागतात, आणि ते तेव्हा शोधू म्हटले तर मिळत नाहीत.